जुन्या गाड्यांवर बंदी: वयाची अट की बीएसची? हरकत नोंदवायची आहे

कोपऱ्यावरचा: शहराच्या मध्यभागी जुन्या गाड्यांना बंदीचा मसुदा आलाय. डिझेल १० वर्षं, पेट्रोल १५. सूचना-हरकती मागवल्यात. वयाची अट राहू द्यावी की बीएस या प्रदूषण मानकाची मागावी? कुठे काय झालं ते माहीत असणाऱ्यांनी सांगा.

बाष्पक: वयच ठेवा. नंबरवरून पटकन कळतं, वाद नाही. दिल्लीत तेच आहे.

सायलेन्सर_काका: वाद नाही कसा? राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशापासून तोच चाललाय. हिशोब बघा. दिल्लीत एप्रिल २०१० पासून नव्या मोटारी बीएस-४ च्या. म्हणजे २०११ ची डिझेल मोटार २०२१ मध्ये बाद. उलट देशाच्या बऱ्याच भागात मार्च २०१७ पर्यंत बीएस-३ ट्रक विकले जात होते. मार्च २०१७ चा ट्रक वयाने २०२७ पर्यंत चालतो. जास्त धूर कोणाचा? डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानेही निव्वळ वयावरून कारवाई नको हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्यांपुरतंच ठेवलं.

निळी_पाटी: माझी डिझेल ११ वर्षांची आहे, दर वेळी पीयूसी पास. मला का पकडायचं? आणि विकायची तर आता भाव काय येईल?

सायलेन्सर_काका: भावासाठी वेगळा धागा काढा. डिझेलच्या पीयूसीत न्यूट्रल गियरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धुराचा दाटपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजलेच जात नाहीत, त्यामुळे 'पास' म्हणजे स्वच्छ असं नाही.

बाष्पक: मग बीएस-४ म्हणजे तरी स्वच्छ कुठे? प्रयोगशाळेतलं रस्त्यावर टिकत नाही, हे २०१५ च्या फोक्सवॅगन प्रकरणात दिसलंच की.

सायलेन्सर_काका: हे मान्य. लंडनने बघा, पेट्रोलला युरो-४ पुरेसं धरलं आणि डिझेलला युरो-६ मागितलं. हरकतीत हेच लिहा: इंधनानुसार वेगळं मानक. शिवाय तिथे बंदी नाही, दिवसाला १२.५० पौंड आकार आहे. वर्षातून चारदा गाडी काढणारा पैसे भरतो, रोजचा डिलिव्हरीवाला गाडी बदलतो. फटका किलोमीटर जास्त त्यालाच बसतो, आणि बसायलाही हवा.

मीरा_ता: रोजचा डिलिव्हरीवाला म्हणजे बहुतेक कर्जावर टेम्पो घेतलेला माणूस. लंडनने जुनी गाडी मोडीत काढायला अनुदान दिलं, ते वगळून नुसता आकार मागू नका. आणि अंमलबजावणीचं काय? जुलै २०२५ मध्ये दिल्लीत पंपांवर कॅमेरे लावून इंधन बंद केलं, काही दिवसांत थांबवावं लागलं.

कोपऱ्यावरचा: मानक, आकार, अनुदान हे तीन मुद्दे घेतो. पण आरसीवर बीएस लिहिलेलंच नसेल तर?

सायलेन्सर_काका: जुन्या आरसीवर नसतं बऱ्याचदा. तिथे नोंदणीच्या तारखेवरून आणि ठिकाणावरून मानक ठरवावं लागेल.

बाष्पक: म्हणजे आलंच की वय मागच्या दाराने!

मीरा_ता: दुचाकींचं कोणी बोललंच नाही. मसुद्यात त्या आहेत का?