अपॉइंटमेंट लेटरच्या शेवटी सेव्हरेबिलिटी, वेव्हर आणि गव्हर्निंग लॉ लिहिलंय, म्हणजे नक्की काय?

मुक्ता_पुणे: पहिलीच नोकरी, पुण्यात. कंपनीचं हेड ऑफिस बंगळुरूला. लेटरमध्ये लिहिलंय की नोकरी सोडल्यावर २ वर्षं याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही आणि क्लायंटची माहिती कुणाला द्यायची नाही. शेवटच्या पानावर हे तीन शब्द आहेत. एचआर म्हणाली सगळ्यांच्याच लेटरमध्ये असतं, सही कर. पण कळल्याशिवाय कशी करू?

निखिल७७: सेव्हरेबिलिटी म्हणजे एखादं कलम बेकायदा निघालं तर तेवढंच बाद होतं, बाकीचा करार चालू राहतो. गव्हर्निंग लॉ म्हणजे केस कुठल्या शहरात चालणार ते. तुझ्याकडे बंगळुरू असेल, म्हणजे भांडायला तिकडे जावं लागणार.

शिरीष_वकिली: निखिल, पहिलं बरोबर, दुसऱ्यात दोन गोष्टींची सरमिसळ झाली. गव्हर्निंग लॉ म्हणजे कायदा कुठला लावायचा, आणि कोर्ट कुठलं ते ज्युरिस्डिक्शन. दोन्ही बहुतेक वेळा एकाच परिच्छेदात कोंबलेलं असतं म्हणून लोकांना एकच वाटतं. मुक्ता, तुझ्या केसमध्ये 'भारताचा कायदा' लिहिलं असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही, १८७२ चा करार कायदा पुण्यात तोच आणि बंगळुरूतही तोच. खरं वाचायचं ते कोर्टाचं वाक्य.

आता सेव्हरेबिलिटी, कारण तुझ्या लेटरमध्ये ती खरंच कामाला येणार आहे. करार कायद्याच्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे जायची बंदी आपल्याकडे साधारणपणे टिकत नाही. नोकरीत असताना बाहेर काम करू नको ही अट टिकते, नंतरची नाही. म्हणजे तुझं २ वर्षांचं कलम बाद होईल. पण म्हणून 'सगळं लेटरच रद्द, क्लायंटची यादी घेऊन चालले' असं तुला म्हणता येणार नाही, सेव्हरेबिलिटी नेमकी त्याच्यासाठी टाकलेली असते. बंदी कापून टाकली तरी माहिती न देण्याची अट स्वतःच्या पायावर उभी राहते, ती तुला लागू राहणार.

मुक्ता_पुणे: पण दोन्ही एकाच वाक्यात आहेत, मध्ये फक्त 'आणि' आहे. मग कापणार कसं?

शिरीष_वकिली: बंदीचे शब्द खोडून उरलेलं वाक्य वाचून बघ. अर्थ लागतो ना? मग कापता येतं. कोर्ट खोडेल, पण तुझ्यासाठी नवीन वाक्य लिहून देणार नाही, म्हणजे २ वर्षांचे ६ महिने करून देईल ही आशा कंपनीने ठेवू नये. काही लेटरांत मात्र 'बेकायदा भाग कोर्टाने योग्य तेवढा करून वाचावा' असंही घातलेलं असतं. ते कितपत चालतं यावर वकिलांमध्येच एकमत नाही.

नानाकाका: वेव्हर म्हणजे माफी ना? बँकेने आमच्या शेतकर्‍यांचं व्याज वेव्ह केलं होतं तसं. मग हे चांगलंच आहे की, सही कर पोरी.

शिरीष_वकिली: काका, शब्द तोच पण इथे वाक्य बरोबर उलटं असतं. 'कंपनीने एखाद्या वेळी हक्क वापरला नाही म्हणजे तो सोडला असं नाही.'

गौरी_ठाणे: हे माझ्या भाड्याच्या घरात झालंय!! भाडं ५ तारखेला द्यायचं असं अ‍ॅग्रीमेंटमध्ये होतं, मी कायम १०-१२ ला द्यायचे, मालक काही बोलायचे नाहीत. मग एकदम एका महिन्यात लेट फी मागितली आणि ते वेव्हरचं कलम दाखवलं. आता मागच्या सगळ्या महिन्यांचीपण मागतील का?

शिरीष_वकिली: पुढच्या महिन्यापासून ५ तारीख पाळा हे ते नक्की सांगू शकतात. मागच्यांचं अवघड आहे. मालकाने इतके महिने मुकाट्याने घेतलं म्हणजे सवलतच दिली होती असं तुम्ही म्हणू शकता, ते कलमाकडे बोट दाखवतील. इथे व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज बघावे लागतील. 'चालेल, १० ला द्या' असं कुठे लिहिलंय का? आणि तुमच्या कलमात माफी लेखीच हवी असं आहे का, तेही बघा.

निखिल७७: ते बंगळुरू कोर्टाचं राहिलं. माझ्या मित्राच्या लेटरमध्ये 'फक्त' शब्द नव्हता, म्हणून कुठेही केस करता येते असं त्याला कुणीतरी सांगितलं.

शिरीष_वकिली: 'फक्त' नसला तरी चालतं. इंडियन ऑइलच्या एका एजंटच्या केसमध्ये करारात कोलकात्याची कोर्टं लिहिली होती, 'फक्त' नव्हतं, एजंट जयपूरच्या कोर्टात गेला, आणि सुप्रीम कोर्टाने २०१३ साली सांगितलं की कोलकात्यालाच जा. पण ज्या शहराचा व्यवहाराशी काहीच संबंध नाही तिथलं कोर्ट दोघांनी ठरवलं तरी चालत नाही. मुक्ता, तुझं लेटर बंगळुरूहून निघालंय की पुण्याच्या ऑफिसमधून, सही कुणाची आहे?

मुक्ता_पुणे: लेटरहेडवर बंगळुरूचा पत्ता आहे, ईमेल पुण्याच्या एचआरकडून आली. सही डिजिटल आहे, ती कुठून झाली ते कळत नाही. उद्या विचारते, आणि कोर्ट पुणे करून मिळतंय का तेही.

नानाकाका: मिळणार नाही बघ. पण विचार.