मदत हवी आहे : सरांना पत्र कसं लिहू?

पारोळ्याकडची आमची 1989 ची दहावीची बॅच नुकतीच शाळेत भेटली. तिथं एका मैत्रिणीकडून कळलं, आमचे गणिताचे सर शहाद्याला मुलाकडे असतात. ऐकू फारच कमी येतं, त्यामुळे फोन जमत नाही. मोठं अक्षर मात्र वाचतात.

सरांनी आम्हाला क्षेत्रफळ फळ्यावर शिकवलंच नाही. 33 फुटांची सुतळी घेऊन शाळेमागच्या कपाशीच्या शेतात नेलं आणि बांधाला चौरस आखायला लावला. 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट, हा एक गुंठा. असे चाळीस झाले की एकर. मग प्रत्येकाला घरच्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र गुंठ्यांत मांडायला सांगितलं. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं. त्या संध्याकाळी त्यांचा उतारा मी त्यांना वाचून दाखवला. आज मी जमीन मोजणीचंच काम करते.

हे सगळं सरांना कळायला हवं. माझा चेहरा त्यांना आठवणार नाही, म्हणून पत्राची सुरुवात त्या सुतळीपासून करू का? आधी पत्र पाठवावं, की भेटून हातात द्यावं? वयस्कर शिक्षकांना असं पत्र कुणी दिलं असेल तर कृपया सांगा.