अनुभव धागा: डब्यांचा फोन मुका का राहतो?

पहिली-दुसरीच्या मुलांकडून डबे आणि दोरा वापरून फोन करून घेणाऱ्यांनी इथे लिहावं. कृती सगळ्यांना ठाऊक आहे. फोन बोलत नाही तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं, ते हवंय.

साखळीची बाई
बहुतेक वेळा बिघाड गाठीत असतो. भोक मोठं झालं की ताण देताच गाठ बाहेर येते. बारीक खिळ्याने दोरा जेमतेम जाईल एवढंच भोक पाडायचं, आणि ते काम मोठ्यांनीच करायचं. डबा ओल्या वाळूने भरला तर बूड आत दबत नाही. खिळा बाहेरून मारला की आतल्या बाजूला पत्र्याची धार उभी राहते आणि तीच दोरा कापते, म्हणून ती पक्कडीने चेपून टाकावी. आत नुसती गाठ नको. गूल काढलेल्या आगपेटीच्या काडीचा अर्धा तुकडा बांधा. काडी बुडाला आडवी टेकते आणि बुडाची थरथर नीट दोऱ्यात उतरते. डब्याच्या तोंडावर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे हवेतच, कारण ते तोंड कानाला आणि ओठांना लागणार.

फोंडेकर
आवाज दोऱ्यातून हवेपेक्षा वेगाने जातो, म्हणून मोठा ऐकू येतो. मुलांना एवढं सांगितलं की पुरे.

डिचोलीचा मास्तर
वेगाचं बरोबर आहे, पण मोठेपणा वेगामुळे येत नाही. आठ मीटरच्या व्हरांड्यात हवेतूनसुद्धा आवाज सेकंदाच्या चाळिसाव्या भागात पोचतो; तो फरक कोणाच्या कानाला कळणार? हवेत आवाज चहूकडे पांगतो, ताणलेल्या दोऱ्यात मात्र तो दोऱ्याबरोबरच जातो. मुलांना हे सांगण्यापेक्षा दाखवावं: कोणी बोलत असताना तिसऱ्या मुलाने मधला दोरा दोन बोटांत हलकेच धरायचा. बोटांना गुदगुल्या होतात. घट्ट चिमटलं की पलीकडचा आवाज बसतो.

आणखी एक. आठ मीटरवरून मूल ओरडलं तर फोनशिवायही ऐकू येतं, आणि वर्ग म्हणतो, ‘चालला, चालला!’ तिथे काहीच सिद्ध झालेलं नसतं. म्हणून आकडा कुजबुजायचा. ऐकणाऱ्याने दुसरा कान हाताने झाकायचा आणि ऐकलेला आकडा पाटीवर लिहायचा. आधी दोरा सैल सोडून पाच आकडे, मग ताणून पाच. सैल दोऱ्यावर पाटी बरीचशी चुकते, ताणल्यावर जुळू लागते. दोन्ही वेळा जुळली तर आकडे हवेतूनच पोचताहेत, कुजबूज आणखी हळू करा. ताणूनही जुळली नाही, तर दोरा कठड्याला किंवा कोणाच्या खांद्याला टेकलाय का ते बघा.

माडाखालची आई
माझ्या मुलाला घरापासून आजीच्या घरापर्यंत फोन हवाय. अंतर पन्नास मीटर तरी असेल, वाटेत माड आणि घराचा कोपरा. बॅटरी लावली तर होईल का?

डिचोलीचा मास्तर
बॅटरीचा इथे काही संबंध नाही. दोरा माडाला घासला की थरथर तिथेच जिरते. वळण द्यायचंच असेल तर माडाला टेकवू नका. दुसऱ्या एखाद्या झाडाच्या फांदीला वेगळ्या दोऱ्याचा सैल फास लटकवून त्यातून ओवा, म्हणजे तो अधांतरी वळेल. तरी प्रत्येक वळणाला आवाज घटतोच. पन्नास मीटर दोरा स्वतःच्या वजनानेच मध्ये लोंबतो, तो ताणायला पहिलीच्या मुलाचा जोर पुरत नाही. आधी दहा मीटर, सरळ.

बेतूलची काकी
शिवणाचा दोरा पावसाळ्यात दमट होऊन मऊ पडतो, आवाज दबका येतो. त्यावर मेणबत्ती घासावी, नाहीतर बाजारातला बारीक तंगूस घ्यावा. तंगूस भिजत नाही, पण त्याची गाठ सरकते. काडीला चार वेढे देऊन दोन गाठी मारा.

साखळीची बाई
तंगूस पहिलीच्या मुलांना नको, ओढला तर बोटं कापतो. मेण लावलेला सुती दोराच बरा. आणि कोणता का असेना, डबा कानाला असताना झटका द्यायचा नाही, दोरा मुलांच्या गळ्याच्या उंचीवर ताणून ठेवायचा नाही.

फोंडेकर
मग पत्र्याचे डबे कशाला? कागदी पेल्यात टाचणीनेही भोक पडतं, धार नाही, आणि पातळ बूड लवकर थरथरतं.

बेतूलची काकी
पण कागदी बूड जरा जोरात ताणलं की फाटतं. डबा हवा तेवढा ताण सोसतो.

साखळीची बाई
दोन्ही करून बघावेत. पत्र्यातून आवाज किणकिणतो, कागदातून शब्द स्वच्छ येतात असं मला वाटतं, पण डब्याडब्यात फरक पडतो. आटवलेल्या दुधाच्या लहान डब्याचा आणि रंगाच्या जाड डब्याचा आवाज सारखा येत नाही. जाड प्लॅस्टिकचा पेला मात्र नकोच, त्याचं बूड हलतच नाही.