पहिल्या दोन फ्लॅटवरून बत्तीस फ्लॅटचा अंदाज

नवा_सुपरवायझर
३२ एकसारख्या फ्लॅटचं टाइल्सचं काम आहे. एका माणसाचा एक दिवस म्हणजे एक हजेरी. पहिल्याला २० हजेऱ्या लागल्या, दुसऱ्याला १६. म्हणजे दर फ्लॅटमागे २० टक्के घट. या हिशेबाने दहावा फ्लॅट तीन हजेऱ्यांत व्हायला हवा. तरी ठेकेदार २० गुणिले ३२ करून ६४० हजेऱ्या मागतोय. ही लूट आहे. मी म्हणतो चार टोळ्या लावा आणि उरका. बरोबर ना?

हिशेबी
नाही. तीन हजेऱ्यांत एका फ्लॅटच्या टाइल्स वर चढवून, भिजवून, कापून, बसवून, सांधे भरून दाखवा, मग बोलू. असे आकडे सायटीवर जातात आणि नंतर कारागिरांना आळशी ठरवलं जातं, म्हणून सविस्तर लिहितोय.

घट दर फ्लॅटमागे होत नाही, दर दुपटीमागे होते. पहिल्याहून दुसरा, दुसऱ्याहून चौथा, चौथ्याहून आठवा. विमान अभियंते टी. पी. राइट यांनी १९३६ साली विमानांच्या कारखान्यातल्या खर्चावरून हेच मांडलं. तेच काम पुन्हा पुन्हा करत शिकताना वेळ कसा घटतो, ते दाखवणारा हा शिकण्याचा कर्व्ह. एकदम तीसवर पोचलात की पुढची दुपट साठाव्या फ्लॅटला, आणि तुमच्याकडे साठ फ्लॅटच नाहीत.

आता खरी मेख. २० आणि १६ या दोन आकड्यांतून दोन वेगळे कर्व्ह निघतात. फ्लॅटनुसार बघितलं तर दुसरा पहिल्याच्या ८० टक्के. सरासरीने बघितलं तर दोघांची सरासरी १८, म्हणजे पहिल्याच्या ९० टक्के. राइट यांची पद्धत सरासरीची आहे. पहिल्या वाचनाने ३२ फ्लॅटची बेरीज साधारण २९४ हजेऱ्या येते, दुसऱ्याने ३७८. आकडे तेच आणि फरक ८४ हजेऱ्यांचा! दुसऱ्या वाचनाने ३२ फ्लॅटची सरासरी एक्सेलमध्ये काढायला एवढं पुरतं:

```
=20*32^LOG(0.9,2)
```

११.८१ येईल, त्याला ३२ने गुणा. दोन फ्लॅटवरून कोणता कर्व्ह खरा हे कळत नाही. चौथा १२.८ला झाला तर पहिला, १४ला झाला तर दुसरा. आठव्याला हा फरक आणखी उघड होतो, साधारण १० की साडेबारा. तोवर करार करू नका.

ओळंबा
२२ वर्षं टाइल्स बसवतोय. ‘शिकणं’ ऐकलं की डोकं फिरतं. मला टाइल बसवायला पहिल्या फ्लॅटमध्येही येत होतं! मी हात नाही शिकत, तो फ्लॅट शिकतो. कोणत्या भिंतीपासून ओळ सुरू केली की दाराच्या चौकटीत बारीक पट्टी उरत नाही, बाथरूमचा उतार ट्रॅपकडे कुठून काढायचा, कुठल्या कोपऱ्यात कोणता कट लागतो. हे दुसऱ्या फ्लॅटपर्यंत ठरतं. तिसऱ्यापासून हेल्पर न विचारता कट करून ठेवतो.

आणि ‘एकसारखे’ म्हणताय ते आरशातले आहेत का बघा. जिन्याच्या दोन बाजूंचे फ्लॅट उलटे असतात. सगळे कट उलटे होतात आणि निम्मं शिकलेलं पुसलं जातं. हिशेबींच्या फॉर्म्युल्यात हे कुठे बसतं?

हिशेबी
बसत नाही. उलट्या फ्लॅटची नोंद वेगळी ठेवावी लागेल, हे मान्य. पण मग माझंच म्हणणं पक्कं होतं, दोन फ्लॅटवरून काहीच ठरवता येत नाही.

कळफलक
माझा प्रश्न वेगळा आहे, तरी विचारते. डेटा एंट्रीत मी नेहमी तासाला किती शब्द टाइप होतात यावरूनच बॅचचा अंदाज देते. टायपिंग तर कोणी रोज नव्याने शिकत नाही. मग हा कर्व्ह आमच्याकडे लागू कसा?

ओळंबा
ताई, तेच मी वर सांगतोय. तुम्ही टायपिंग शिकत नाही, फॉर्म शिकता.

कळफलक
हो, हे पटलं. फॉर्मचा आराखडा बदलला की आमची पहिली बॅच रखडते, हे खरंय. पण आमचं दुखणं दुसरंच होतं. आम्ही दोन आठवड्यांत वेग वाढवला आणि लगेच रोजचं टार्गेट वाढलं. पुन्हा वाढवला, पुन्हा टार्गेट. तिसऱ्या वेळी सगळ्यांनी मिळून वेग धरून ठेवला. वरून बघणाऱ्याला वाटलं की कर्व्ह सपाट झाला. तो सपाट झाला नव्हता, आम्ही केला होता. शिवाय घाईतल्या चुकांच्या एंट्री दुसऱ्या टेबलावर दुरुस्त व्हायच्या आणि तो वेळ आमच्या बॅचवर पडायचाच नाही.

ओळंबा
अगदी बरोबर! आमच्याकडे दर क्षेत्रफळावर असतो. पहिले दोन-तीन फ्लॅट मी तोट्यात करतो आणि पुढच्या फ्लॅटमध्ये ते भरून काढतो. आठव्या फ्लॅटला कोणी घड्याळ घेऊन आलं आणि म्हणालं ‘आता लवकर होतंय, दर कमी करा’, तर माझे पहिले तीन फ्लॅट कोणी भरून द्यायचे? एकदा असं झालंय माझ्याबरोबर. अर्ध्या इमारतीवर दर कापला. मी टोळी घेऊन निघालो आणि नव्या टोळीने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

नवा_सुपरवायझर
म्हणजे शिकण्याचा फायदा पूर्ण कारागिराचा? साहित्य आमचं, फ्लॅट आमचे, आराखडा आमचा. पहिल्या फ्लॅटला उशीर झाला तो टाइल्स वेळेवर वर न पोचल्यामुळेही.

ओळंबा
मग तो उशीर माझ्या हजेऱ्यांत का लिहिलात? पहिल्या फ्लॅटमधलं थांबणं काढा, तुमचे २० खाली येतील आणि घटही कमी दिसेल. तुम्ही तुमचाच गोंधळ मोजलात आणि नाव ठेवलंत माझ्या हाताला.

हिशेबी
दोघंही जरा थांबा. ओळंबा, पहिल्या नगात वाट पाहणं धरलं की कर्व्ह खोटा उताराचा निघतो, हा मुद्दा माझ्या पहिल्या उत्तरात हवा होता. राहिला. पण ‘सगळा फायदा माझा’ हे मला पटत नाही. दर सुरुवातीलाच ३२ फ्लॅटच्या सरासरीवर ठरवा आणि मध्ये कोणी हात लावू नका. मग दोघांनाही आपलं काय ते आधी कळेल.

ओळंबा
सरासरीवर दर घेतला आणि दहाव्याला काम बंद पडलं तर? तोट्याचे फ्लॅट माझे, कमाईचे कोणाचेच नाहीत. काम थांबलं तर पहिल्या फ्लॅटचा दर वेगळा, हे कागदावर द्या. मग सरासरी घेईन.

नवा_सुपरवायझर
यावर आत्ता मी शब्द देऊ शकत नाही. पण चार टोळ्यांचं कोणीच बोललं नाही.

हिशेबी
घ्या. ९० टक्के धरला तर एका टोळीला ३२ फ्लॅटला ३७८ हजेऱ्या. चार टोळ्यांनी आठ-आठ केले तर प्रत्येक टोळीचा पहिला फ्लॅट २०चाच. आठची सरासरी १४.५८, चारही मिळून ४६७. सुमारे ८९ हजेऱ्या जास्त. चार माणसांची टोळी धरली तर ९५ दिवसांऐवजी सुमारे २९ दिवसांत संपेल, तेवढ्याची ही किंमत. तारीख महत्त्वाची असेल तर लावा, स्वस्त पडेल म्हणून लावू नका. दोन टोळ्या, एक डाव्या फ्लॅटना आणि एक उजव्या, असं केलं तर ओळंबांचा उलट्या कटांचा त्रासही जाईल.

ओळंबा
हे सुचलं ते बरं झालं. माझ्या टोळीला मी डावी बाजूच घेईन.

नवा_सुपरवायझर
तिसरा पंधराला झाला होता. चौथा आज संपला, साडेतेरा.

ओळंबा
आज सकाळी वर टाइल्स चढवायला कोण होतं?

नवा_सुपरवायझर
दुसऱ्या इमारतीचा बिगारी. दिवसभर होता. हजेरी तिकडेच लागली.

हिशेबी
मग साडेचौदा लिहा. आणि पाचव्यापासून वहीत बिगाऱ्यांचा रकाना वेगळा करा.