भेकर, चौशिंगा की नुसतं 'हरीण'? फोटोखाली कोणतं नाव लिहावं

खानापूरकर
शाळेच्या भित्तिपत्रकात आसपासच्या रानातल्या प्राण्यांचे फोटो लावायचे आहेत. प्रत्येकाखाली मराठी आणि कानडी नाव. एका फोटोवर गाडी अडली आहे. जांबोटीच्या बाजूला एका पालकांच्या काजूच्या बागेत सकाळी मोबाइलवर काढलेला फोटो आहे. प्राणी शेळीएवढा, तांबूस तपकिरी, अंगावर एकही ठिपका नाही, डोक्यावर शिंगं दिसत नाहीत. पालक म्हणतात भेकर. आमच्या कानडीच्या सरांनी फोटो बघून 'कोंडकुरी' सांगितलं, आणि कोंडकुरी म्हणजे चौशिंगा असं कळलं. मग भेकर आणि चौशिंगा हे एकाच प्राण्याचे दोन शब्द आहेत का? आणि दोघांनाही हरीण म्हटलं तर चालतं का?

निपाणीवाली
दोन्ही वेगळे प्राणी आहेत. भेकर हे हरीण, चौशिंगा हे कुरंग. ओळखायची खूण सोपी आहे: हरणाच्या शिंगांना फाटे फुटतात आणि ती दरवर्षी गळून नवी येतात. कुरंगाची शिंगं फाट्यांशिवाय असतात आणि जन्मभर टिकतात. शिंगं फक्त नरालाच असतात, त्यामुळे तुमच्या फोटोतली मादी आहे. मादीचा फोटो असेल तर नाव सांगता येणार नाही, नुसतं 'हरणाची मादी' लिहा.

अथणीकर
आमच्या भागात हरीण म्हटलं की माळावरचंच. नर काळा-पांढरा, पिळाच्या शिंगांचा, त्याला काळवीट म्हणतात. बाकी कळप तांबूस, बिनशिंगाचा, ती हरणं. लहानपणापासून आम्हाला वाटायचं की काळवीट आणि हरीण ही दोन वेगळी जनावरं. तुमच्या फोटोतलं तांबूस, बिनशिंगाचं आहे म्हणताय, तर ते आमच्याकडचं हरीणच असणार की. पोट पांढरं आहे का बघा.

रानवाट
अथणीकर, तुमचा कळप काळविटांचाच. मादी आणि कोवळे नर तांबूस असतात, नर वयात आला की वरून काळा होत जातो. पण ते उघड्या माळाचं जनावर आहे, जांबोटीच्या दाट झाडीत आणि एवढ्या पावसात ते येणार नाही. बाईंच्या फोटोसाठी ते बाजूला ठेवू.

निपाणीवाली ताई, गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या शिंगांचं तुम्ही बरोबर सांगितलंत. पण 'शिंगं फक्त नराला' हे सगळ्यांना लागू नाही. बागलकोट जिल्ह्यात यडहळ्ळीला चिंकारा आहेत, त्यांच्या मादीलाही शिंगं असतात, बारीक आणि आखूड. गव्याच्या गायीलाही असतात. आणि याच्या उलटही होतं. चितळाच्या किंवा सांबराच्या नराची शिंगं गळून गेलेली असतात तेव्हा फोटोत तो बिनशिंगाचाच दिसतो. म्हणून शिंग नाही म्हणजे मादी, असं लगेच धरू नये.

मादीचं नाव सांगता येत नाही असंही नाही. भेकराची मादी कपाळावरून ओळखू येते. नराच्या डोक्यावर कातडीनं आणि केसांनी मढलेले दोन लांब हाडाचे खुंट असतात, आणि त्या खुंटांच्या टोकाला आखूड शिंग. शिंग गळलं तरी खुंट राहतो. मादीला त्या जागी गाठीवर केसांचे दोन गडद झुपके असतात. नराच्या खुंटांपासून खाली नाकाकडे दोन काळसर उंचवटे येतात, त्यांचा तोंडावर इंग्रजी व्ही दिसतो. मादीच्या कपाळावर त्या जागी गडद पट्टा असतो. चौशिंग्याच्या मादीचं डोकं यापुढे अगदी साधं: झुपके नाहीत, खुणा नाहीत, फक्त मोठे गोलसर कान.

बाई, त्या वेळी एकापाठोपाठ काढलेले आणखी फोटो असतील तर बघा. कपाळ समोरून दिसणारा एक हवा.

चोर्लामार्गे
माझ्याकडे पण असाच प्रश्न आहे. चोर्ला घाटात रात्री रस्ता ओलांडताना चितळाचं पिल्लू दिसलं, फोटो धूसर आला आहे. इतकं लहान की मांजरापेक्षा थोडंच मोठं. आई कुठे दिसली नाही. पिल्लाला मराठीत 'पाडस' म्हणतात ना? फोटोखाली 'चितळाचं पाडस' लिहिलं तर बरोबर का?

रानवाट
पाडस हा शब्द बरोबर, प्राण्याबद्दल मला शंका आहे. अंगावरचे पांढरे ठिपके सुटे गोल आहेत, की कुशीवर एकामागे एक जुळून लांबट पट्ट्यांसारखे झालेत? गळ्यावर पांढरे पट्टे आहेत का? पाय उंच आहेत, की पाठ कमानदार आणि अंग जमिनीलगत?

चोर्लामार्गे
कुशीवर पट्ट्यांसारखेच दिसतात. पाय आखूड. गळा नीट दिसत नाही, पण पांढरं काहीतरी आहे.

रानवाट
मग ती पूर्ण वाढलेली पिसोरी असण्याची शक्यता जास्त. खांद्याशी जेमतेम एक फूट, वजन दोन ते चार किलो, आणि रात्रीच फिरते. चितळाचं पाडस जन्मतःच उंच पायांचं असतं. पिसोरीला ना गळणारी शिंगं ना न गळणारी. नराला वरच्या जबड्यात बारीक सुळे असतात. बोलताना तिला हरीण म्हणतात, पण तिचं कूळ हरणांपासून वेगळं आहे. गळा दिसत नाही, म्हणून मी शक्यता म्हणतो, खात्री नाही.

कानडी-मराठी
आता शब्दांकडे वळू. सरांचा गोंधळ कुठे झाला असावा ते मला दिसतं. कानडीत भेकराला 'काडुकुरी' म्हणतात आणि चौशिंग्याला 'कोंडकुरी'. कुरी म्हणजे मेंढी. दोन्ही शब्द रानातल्या मेंढीवरून पडलेले, आणि गावात बोलताना एकाच्या जागी दुसरा सहज येतो. चितळाला 'चुक्की जिंके', चुक्की म्हणजे ठिपका. सांबराला 'कडवे', काळविटाला 'कृष्णमृग'.

आमच्या मराठीतही तोच घोटाळा आहे. आमचे आजोबा बेकरा, भेकर, भेकरं असे शब्द दोन्ही जनावरांना सरसकट वापरत. दोघांची उंची खांद्याशी दोन फुटांच्या आसपास, दोघंही एकटे नाहीतर जोडीनं फिरणारे, दोघंही झुडपात शिरणारे. रानात क्षणभर दिसलेल्या जनावराला लोकांनी एकच नाव दिलं यात नवल नाही. त्यामुळे पालक भेकर म्हणाले म्हणून ते भेकरच, असं मी धरणार नाही.

निपाणीवाली
मग कोरडी खूण सांगा की. चौशिंग्याला चार शिंगं, भेकराला दोन. मादी सोडून द्या, पण नराचा फोटो असेल तर मोजले की झालं. दांडेलीला आम्ही एक बघितला, त्याच्या डोक्यावर चार टोकं स्पष्ट दिसत होती, म्हणजे तो चौशिंगा.

रानवाट
टोकं मोजून चालत नाही, ती कुठून निघालीत ते बघावं लागतं. भेकराच्या शिंगाला बुडाशी पुढच्या बाजूला एक लहान फाटा असतो. बाजूनं काढलेल्या फोटोत दोन शिंगं आणि दोन फाटे मिळून चार टोकं दिसतात. पण ती दोनच दांड्यांवर असतात, आणि शिंग जिथे खुंटावर बसतं तिथे खडबडीत कडं असतं. चौशिंग्याची पुढची जोडी कपाळावर, डोळ्यांच्या जरा वर, मागच्या जोडीपासून सुटी उगवते. मधे केस असलेलं सपाट कपाळ दिसतं. चारही शिंगं आखूड, सरळसोट आणि बऱ्यापैकी गुळगुळीत. काळविटासारखी वळी नाहीत, पीळ नाही.

शिवाय दक्षिणेकडच्या चौशिंग्यांत पुढची जोडी पुष्कळदा खुरटी असते, नुसते उंचवटे. मग फोटोत दोनच शिंगं दिसतात आणि लोक त्याला कोवळा चितळ किंवा भेकर समजतात. त्या वेळी मी पाय बघतो. चौशिंग्याच्या पायांच्या पुढच्या बाजूनं खाली एक गडद रेघ उतरते, पुढच्या पायांवर जास्त ठळक. पण एकट्या तिच्यावर विसंबू नये, कारण भेकराचे पायही खाली काळपट असतात. ओल्या गवतातून आलेल्या जनावराच्या पायाला चिखल लागला तर तोही पट्ट्यासारखा दिसतो. रात्रीच्या कॅमेऱ्याच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत तांबूस रंगाची खूण तर निघूनच जाते. तिथे कपाळ आणि शिंगाचं बूड एवढंच कामाचं.

ताई, तुमच्या दांडेलीच्या फोटोत ती टोकं सुटी उगवलीत का, एवढं बघून सांगा.

निपाणीवाली
फोटो भावाकडे आहे. मागवते.

खानापूरकर
काका, त्या दिवशीचे आणखी फोटो मागवले. एकात प्राण्यानं मान वळवून कॅमेऱ्याकडे बघितलंय. कानांच्या मधे, कपाळाच्या वरच्या बाजूला दोन काळसर झुपके आहेत, आणि कपाळावर मधे गडद पट्टा. शेवटच्या फोटोत ते पळालं आहे, शेपूट वर आणि खालून पांढरीशुभ्र. पायांवर वेगळी रेघ अशी नाही, पण खाली गवत असल्यामुळे पाय अर्धेच दिसतात.

रानवाट
झुपके आणि कपाळाचा पट्टा असेल तर ही भेकराची मादी. शेपूट उचलल्यावर खालून दिसणारं पांढरंही जुळतं. पाय दिसले नाहीत तरी अडत नाही. ओलं, दाट रान ही जागाही भेकराची. चौशिंगा जास्त करून कोरड्या पानगळीच्या रानात, पाण्याच्या आसपास असतो. पण मी जागा शेवटी बघतो, कारण जागेवरून नाव ठरवायला गेलं की फोटोत जे नाही तेही दिसायला लागतं.

कानडी-मराठी
तर मराठीत 'भेकर (मादी)' आणि कानडीत 'काडुकुरी' लिहा. सरांना झुपके दाखवा, ते मान्य करतील.

फक्त निपाणीवाली ताईंच्या 'कुरंग' या शब्दाबद्दल मला अजून म्हणायचं आहे. न गळणाऱ्या शिंगांच्या गटासाठी पुस्तकांत तो वापरतात खरा, पण संस्कृतात कुरंग म्हणजे नुसतं हरीण. मुलांनी फलकावर 'चौशिंगा, कुरंग' वाचलं तर त्यांना त्यातून काय कळणार?

निपाणीवाली
मग दुसरा शब्द कोणता? काळवीट, चिंकारा, चौशिंगा या सगळ्यांना मिळून मराठीत बोलीतला शब्दच नाही. 'हरीण' म्हटलं की पुन्हा भेकर-चितळ त्यात येतात. पुस्तकातला का असेना, एक शब्द आहे तो रुजवायला हवा.

अथणीकर
आमच्याकडे काळविटाच्या कळपालाच हरणं म्हणतात हे मी वर सांगितलंच. तुम्ही हरीण हा शब्द चितळ-सांबरालाच राखून ठेवला तर आमच्या माळावरच्या जनावराला हरीण म्हणायचं नाही का? आमच्या गावात तो शब्द कोण सोडणार?

रानवाट
बोलताना सोडू नका, सगळ्यांना हरीण म्हणायला माझी हरकत नाही. फलकावर मात्र प्रत्येकाचं स्वतःचं नाव लिहावं: भेकर, चितळ, सांबर, चौशिंगा, काळवीट, पिसोरी. गटाचं नाव द्यायचंच असेल तर मी 'गळणारी शिंगं' आणि 'न गळणारी शिंगं' असे दोन भाग करीन, आणि पिसोरी वेगळी ठेवीन.

खानापूरकर
हे जमेल. दोन रकाने आणि खाली पिसोरी. चोर्ल्याचा फोटो लावायची परवानगी मिळेल का? गळा दिसत नाही म्हणून खाली 'बहुधा पिसोरी' लिहीन.

चोर्लामार्गे
लावा की ताई. मूळ फोटो पाठवतो, त्यात थोडा जास्त उजेड आहे.