गोडाऊन 90 टक्के भरलंय की 55? मदत हवी आहे
आमच्याकडे रॅकमध्ये 600 पॅलेट पोझिशन आहेत, 540 भरलेल्या, म्हणून रिपोर्टात 90 टक्के. पण स्लॉटची उंची 1.8 मीटर आणि मालासकट पॅलेट सरासरी 1.1 मीटर, म्हणजे उंची धरली तर जेमतेम 55 टक्केच वापर होतोय, वर नुसती हवा साठवतोय आपण!

आता बॉक्समागे खर्च काढताना साहेब महिन्याचा खर्च भागिले 600, मग भागिले 40 (पूर्ण पॅलेटचे बॉक्स) करतात. प्रत्यक्षात पॅलेटवर 24च बॉक्स असतात. मी 540 आणि 24 ने भागलं तर खर्च 1.85 पट आला. रिकाम्या 60 चा खर्च मालावर टाकायचा का वेगळा दाखवायचा? आवक उतरवायला थोड्या रिकाम्या लागतातच ना. बीम खाली घेऊन एक लेव्हल वाढवलीये का कोणी?