मनगट रुंद म्हणून वजनाला सूट मिळते का?

जुळे सोलापूरकर: माझी उंची १७० सेंटिमीटर, मनगट १८ आणि वजन ७४ किलो आहे. उंचीला मनगटाने भागल्यास ९.४ येतात, म्हणजे माझा बांधा मोठा ठरतो. मग ६६ किलोंच्या मर्यादेत दहा टक्के वाढवून ७२-७३ किलो मला योग्य का मानू नयेत? घरचे उगाच माझ्या भाकऱ्या मोजतात.

निवृत्त आहारतज्ज्ञ: हा हिशेब वाचून राहवले नाही. टेप मनगटाच्या उंचवट्यावरून नव्हे, तर त्याच्या पुढे, पंजाच्या बाजूला लावायची असते. तिथे साडेसतरा भरले, तर भागाकार ९.७ येईल, पुरुषांचा मोठा बांधा ९.६ च्या खाली धरतात, म्हणजे आपण मध्यम ठरलात. अर्ध्या सेंटिमीटरवर सहा किलोंची सूट कशी द्यायची? शिवाय १९५९ च्या अमेरिकी विमा कंपनीच्या उंची-वजनाच्या तक्त्यांत लहान, मध्यम, मोठा असे रकाने होते, पण बांधा ओळखायचा कसा हेच सांगितलेले नव्हते. १९८३ मध्ये कोपराच्या रुंदीचे माप आले, तरी ज्यांच्या आयुर्मानावरून ते तक्ते बेतले, त्या विमेदारांची कोपरे कोणी मोजलेली नव्हती.

गणवेशवाला: टेपचा विषय निघालाच आहे, तर सांगतो. कापडी टेप वर्षभरात ताणली जाते आणि मग माप कमी दाखवते. माझ्या कारागिराने अशाच टेपने शाळेच्या चाळीस शर्टांच्या कफांची मापे घेतली आणि एकाही मुलाचे बटण नीट लागले नाही. त्यामुळे आधी टेप पोलादी पट्टीवर ताडून पाहा.

जुळे सोलापूरकर: म्हणजे माझी टेप ताणलेली असेल, तर माझे खरे मनगट उलट अधिकच रुंद ठरेल! आभारी आहे.

तालमीतला: माझे वडील पैलवान होते, उंची १७८, मनगट २०, वजन ९२. एका विमा कंपनीच्या डॉक्टरांनी मनगटाकडे न पाहता वजनाचा आकडा वाचला आणि हप्ता वाढवला. वडील पंचाहत्तरीतही जोर मारत होते. बांध्याला अर्थ नाही, असे म्हणणाऱ्यांनी आखाड्यात उतरावे.

निवृत्त आहारतज्ज्ञ: आपल्या वडिलांचे वजन मांसाचे होते आणि ते मनगटाने नव्हे, मेहनतीने आले होते. बांध्याला अर्थ नाही, असे मी म्हटलेलेच नाही. १७० सेंटिमीटर उंचीला साधारण ५३ ते ६६ किलो हा पल्ला आहे. रुंद हाडाचा माणूस त्यात वरच्या टोकाजवळ शोभतो, बारीक हाडाचा खालच्या. मात्र त्यामुळे वरची मर्यादा पुढे सरकत नाही. चरबी वाढली की मनगटही थोडे भरते, म्हणून लठ्ठ माणूस स्वतःला मोठ्या हाडाचा समजण्याचा धोका असतो. आपण कंबर मोजलीत का? भारतीय पुरुषांना ९० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात.

तालमीतला: तेरा किलोंचा पल्ला देऊन वर बांधा त्यातच मावतो म्हणायचे, हे सोयीचे आहे. वडिलांचा वाढीव हप्ता मात्र कोणी परत केला नाही.

जुळे सोलापूरकर: पोलादी पट्टीवर ताडलेल्या टेपने मनगट १७.६ भरले. भागाकार ९.६६, म्हणजे मी मध्यम. समाधान झाले असेल. कंबर ९७ आहे. ही टेपही ताणलेली आहे, असे कोणी म्हणेल का?

गणवेशवाला: ताणलेली असती, तर ९७ पेक्षा कमी दाखवली असती.